गरनोळा निवेपर्यंत

मंजुळाबाईच्या भांडणाला आमच्या शिंदखेड्यात मान होता, कारण ते लवकर संपायचं. सकाळी शेजारणीशी कडाकडा भांडली की दुपारी तिच्याच घरून विरजण मागून आणायची. राग नाकावर, पण नाकाच्या मागे काही साठवलेलं नसायचं. ‘गरम शे तोवर वळी ल्या, मंग लाडू व्हत नही,’ असं ती म्हणायची, आणि ते लाडवांबद्दल म्हणते की माणसांबद्दल, हे विचारायची आम्हाला कधी गरज पडली नाही.

अशा बाईने आयुष्यातलं एकच भांडण थंड होऊ दिलं, आणि तेच तिच्या अंगावर आलं. मला अजून तिचा राग येतो. थोडा एल्माबाईंचाही येतो. दोघी चांगल्या शहाण्या होत्या. शहाणी माणसं असं वागली की वेड्यांना बोल लावायची सोय उरत नाही.

एल्माबाई म्हणजे गावाबाहेरच्या मिशनच्या दवाखान्यातली गोरी नर्स. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतून आली ती आमच्याकडेच राहिली. उंच, हाडापेराने मोठी, पुस्तकातून शिकलेलं मराठी बोलणारी. खानदेशात कोणी ‘उपस्थित’ म्हणत नाही, ही म्हणायची. मंजुळा पाटलांच्या घरची, ऐन तारुण्यात नवरा गेलेली. भावाने, अभिमनने, दोन वेळचं खायला घातलं. पण भावजयीने, भागाबाईने, त्या खाण्याची रोज आठवणही करून दिली. शेवटी मंजुळा उठली आणि एल्माबाईच्या बंगल्यावर अंगण झाडायला गेली. अंगणातून ओसरीत, ओसरीतून स्वयंपाकघरात कधी आली ते तिलाही सांगता येत नसे. माहेरच्यांनी पुढे कित्येक वर्षं तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. तिने दिलंही नाही.

बंगल्याच्या मागे विटांची घुमटासारखी पावाची भट्टी होती. आत बाभळीची लाकडं पेटवायची, विटा तापल्या की निखारे ओढून काढायचे आणि पाव आत सरकवायचे. पाव निघाल्यावर भट्टीत जी मंद ऊब उरायची, ती एल्माबाई फुकट जाऊ द्यायची नाही. त्या उबेत ती तिच्या गावाकडचा पदार्थ करायची. ती त्याला ‘ग्रॅनोला’ म्हणे. मंजुळाबाईच्या तोंडात त्याचा गरनोळा झाला आणि काही दिवसांनी एल्माबाईच्या तोंडातही तोच बसला.

मुंबईहून डब्यातून चपटं धान्य यायचं, ओट म्हणून. त्यात शेंगदाण्याच्या पाकळ्या, तीळ, खोबऱ्याचे काप, चिमूट मीठ आणि मूठभर कणीक. गूळ, तूप आणि थोडं पाणी एकत्र पातळ करून त्यावर ओतायचं. गूळ नुसता विरघळवायचा, त्याचा पाक करायचा नाही. मग सगळं हाताने चोळून पत्र्याच्या पसरट ट्रेमध्ये पसरायचं आणि मंद भट्टीत ठेवायचं. सकाळी वाटीभर दुधात टाकून खायचं.

पहिल्यांदा तो गरनोळा बाहेर आला तेव्हा मंजुळाबाईने वाकून बघितलं. खालीवर तांबूस रंग, पण बोट लावलं तर मऊ.

“हाऊ काय प्रकार शे बाई? ना लाडू, ना चिवडा. आनि कच्चा शे.”

“कच्चा नाही,” एल्माबाई म्हणाली. “तो बाहेर आल्यावर कडक होतो. हात लावू नको. निवू दे.”

एवढं बोलून ती दवाखान्यात गेली. मंजुळाबाईला निवू देणं ठाऊक नव्हतं. गुळाचं काम म्हणजे गरमागरम उरकायचं, हे तिच्या आईने तिला शिकवलं होतं, आणि तिच्या आईला तिच्या आईने. थंड झालं की गूळ कोणाचं ऐकत नाही. तिने हात पाण्यात बुडवले आणि चटके सोसत सगळ्याचे लाडू वळून टाकले. लाडू वळले गेले, म्हणून ती खूश झाली. एल्माबाई परत आली तोवर ते ओल्या हातांनी मऊ पडलेले, आणि उचलायला गेलं की भसकन भुगा.

एल्माबाई रागावली नाही. तोच तिचा दोष होता, असं मंजुळाबाई पुढे म्हणायची. राग आला की ती गप्प व्हायची. आपल्या खोलीत जायची, दार लोटायची, आणि दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशी बाहेर यायची. मंजुळाबाई मागोमाग जाऊन म्हणायची, “बोला ना बाई, एकदा काय ते बोला!” तर आतून एवढंच यायचं, “आता नको. निवू दे.”

दुसऱ्या खेपेला मंजुळाबाईने हात लावला नाही, पण ट्रेवर परात पालथी घातली. आमच्याकडे शिजलेलं अन्न उघडं ठेवत नाहीत. माशा बसतात, दृष्ट लागते, कावळा तोंड घालतो. परातीखाली वाफ कोंडली, आतून घाम सुटला, आणि कुरकुरीत व्हायचा तो गरनोळा ओल्या पेंडेसारखा झाला.

झाकायचं नाही, हलवायचं नाही, उघडं टाकून जायचं नाही. मग उपाय एकच उरला. कोणीतरी जवळ बसायचं. मागच्या ओसरीत थंड फरशीवर दोन विटा, विटांवर ट्रे, एका बाजूला मंजुळाबाई ताडाचा पंखा घेऊन, दुसऱ्या बाजूला एल्माबाई पाटावर पाय लांब करून. खारी आणि कावळे राखायचे. एल्माबाई एरवी दिवसभर धावपळीत असायची. पण ट्रे निवायला ठेवला की ती येऊन बसायची आणि उठायची नाही. बाहेर रोगी आले तरी कंपाउंडर तोताराम सांगायचा, “थांबा थोडं, बाई गरनोळ्यापाशी आहेत.”

त्या बसण्यात त्या दोघी बोलायच्या. इतर वेळी बाई आणि कामवाली. त्या वेळी नुसत्या दोन बायका. एल्माबाईने आपल्या मेलेल्या बहिणीबद्दल तिथे सांगितलं. मंजुळाबाईने नवऱ्याबद्दल सांगितलं, जो तिला नीट आठवतही नव्हता आणि त्याचंच तिला वाईट वाटत होतं. आदल्या आठवड्यातली सगळी धुसफूस तिथे निघायची. एल्माबाईचा राग तोवर थंड झालेला असायचा आणि मंजुळाबाईचा उरलेला नसायचा. ट्रे निवला की एल्माबाई कडेला सुरी घालून मोठं ढेकूळ उचलायची आणि मोडून अर्धं मंजुळाबाईला द्यायची. त्या ढेकळांसाठीच सगळा खटाटोप. नांगरल्या रानात असतात तशी वेडीवाकडी, हाताने मोडली तर कट्‌ आवाज करणारी.

मंजुळाबाईचा हात हळूहळू त्यात इतका बसला की एल्माबाईने लक्ष घालणं सोडलं. पाव काढल्यावर ती कागदाचा तुकडा भट्टीत टाकायची. कागद हळूहळू पिवळा पडला तर ठीक. लगेच तपकिरी झाला तर भट्टी तापट आहे, थांबायचं, कारण गूळ करपला की कडूच लागतो. ट्रेच्या कडा आधी तांबूस होतात, म्हणून मधे एकदा बाहेर ओढून कडेचं आत, आतलं कडेला करायचं. दुसऱ्यांदा अगदी हलक्या हाताने. त्यानंतर उलथन्याच्या पाठीने सगळं दाबून सपाट करायचं आणि मग ढवळायचं नाव काढायचं नाही. शेवटी ढवळलं की ढेकळं जुळत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात मुंबईचे डबे बंद झाले तेव्हा तिनेच भडभुंज्याकडून पातळ पोहे आणून बघितले. पोहे ओटसारखे एकमेकांना धरत नाहीत, म्हणून कणीक थोडी वाढवली. एल्माबाईने खाऊन डोळे मिटले आणि म्हणाली, “हा माझ्या आईच्यापेक्षा बरा आहे.” मंजुळाबाईने ते गावभर सांगितलं. आईच्यापेक्षा बरं म्हणजे काय हे आमच्याकडे समजावून द्यावं लागत नाही.

लढाई संपली. जहाजं परत सुरू झाली. आणि त्या हिवाळ्यात एक दिवस विहिरीवर चुडामण गाडीवान बैलांना पाणी पाजताना मंजुळाबाईला म्हणाला, “काय व अक्का, बाई जाई ऱ्हायनी म्हनतस. मंग तुना काय इचार शे?”

“कोनती बाई?”

“आपली. एल्माबाई. कायमनी जाई ऱ्हायनी. माले गाडी सांगेल शे ना टेसनले जावाले.”

मंजुळाबाईने घागर तिथेच ठेवली. चुडामणला ठाऊक, तोतारामला ठाऊक, दवाखाना झाडणाऱ्या वनाला ठाऊक. ज्या घरात ती रोज चूल पेटवत होती त्या घरातली बातमी तिला विहिरीवर बैलांबरोबर मिळाली. ती तशीच, रिकाम्या हाताने बंगल्यावर गेली. एल्माबाई पुस्तकं खोक्यात भरत होती.

“गावले ठाऊक, मालेच नही. असं का बरं करं बाई? मी कोन शे तुम्हनी?”

हातातलं पुस्तक एल्माबाईने खोक्यात ठेवलं, परत काढलं, परत ठेवलं. मग तिला जे येत होतं तेच ती म्हणाली.

“आता नको, मंजुळा. निवू दे.”

इथे मंजुळाबाईने आपल्या स्वभावाप्रमाणे दारात ठाण मांडायला हवं होतं. ओरडायला हवं होतं, रडायला हवं होतं, भांडी आपटायला हवी होती. गरम होतं तोवर वळून घ्यायला हवं होतं. पण इतकी वर्षं जिच्याबरोबर घालवली तिचा वाण नाही पण गुण लागतोच. मंजुळाबाई म्हणाली, “बरं. निवू द्या.” आणि स्वयंपाकघरात गेली.

त्या दिवसापासून बंगल्यात फक्त “हो बाई” आणि “नाही बाई” राहिलं. भाकरी वेळेवर, पाव वेळेवर, पाणी उकळलेलं, सगळं जागच्या जागी. नुसतं बोलणं तेवढं नाही. एल्माबाई एकदोनदा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. मंजुळाबाई मान न वळवता विचारायची, “काय पाहिजे बाई?” आणि एल्माबाई पाणी मागायची. पाणी पिऊन जायची. तहान लागलेल्या माणसासारखं ते पिणं नव्हतं, हे मंजुळाबाईला कळत होतं. पण तिने ठरवलंच होतं की पहिला शब्द आपला नाही. आपण शेवटचे ठरलो ना, मग शेवटीच बोलू. मानी माणसाचं गणित असं सरळ असतं आणि उत्तर हटकून चुकतं.

निघायच्या आदल्या दिवशी एल्माबाई म्हणाली, “मंजुळा, उद्या गरनोळा करशील? जहाजावर न्यायला. डब्यातल्या ओटचा नको. आपल्या पोह्यांचा.”

मंजुळाबाई “हो बाई” म्हणाली, पण त्या ‘आपल्या’ने ती आतून हलली. तिला वाटलं, उद्या ट्रे निवायला ठेवू. दोघी बसू. नेहमीसारख्या. तिथेच विचारू, का नाही सांगितलंत? आणि ती सांगेल. तिथे ती कधी खोटं बोलली नाही. मंजुळाबाईला दुसरं काही नको होतं. जाऊ नका असंही ती म्हणणार नव्हती. फक्त हे ऐकायचं होतं, की इतक्या वर्षांत मी तुमची कोण होते.

सकाळी ती लवकर आली आणि लवकर आली म्हणूनच घात झाला. काम झपाट्याने व्हावं म्हणून तिने भट्टीत नेहमीपेक्षा जास्त बाभूळ कोंबली. विटा अशा तापल्या की पाव वरून काळे पडले. पाव काढून तिने कागद टाकला. तो बघता बघता तपकिरी झाला आणि कडेने धुमसला. उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग. भट्टीचं तोंड उघडं ठेवून ती वाट बघत बसली. पुन्हा कागद टाकला, पुन्हा तपकिरी. आत एल्माबाईच्या पेट्यांना दोर बांधल्याचे आवाज येत होते. दुपारची गाडी होती आणि तापीकाठच्या त्या एकाच गाडीवर मुंबईची पुढची सगळी जोडणी होती.

अखेर कागद पिवळ्यावर आला तेव्हा ऊन अंगणाच्या मध्यावर होतं. तिने ट्रे आत सरकवला. मन घाईत होतं, पण हाताने घाई केली नाही. एकदा ओढून कडेचं आत केलं. दुसऱ्यांदा हलकेच. मग उलथन्याने दाबून सपाट केलं, आणि पोह्यांवर सोनेरी तांबूसपणा येईपर्यंत वाट बघितली. बाहेर काढला तेव्हा तो मऊच होता, असायला हवा तसा. तिने ओसरीत दोन विटा मांडल्या, ट्रे ठेवला, आणि समोर एल्माबाईचा पाट मांडला. पदराने पुसून मांडला.

दवाखान्याच्या पुढच्या अंगणात तोवर गर्दी झाली होती. आसपासच्या खेड्यांतून बायका आल्या होत्या, कोणी शेंगा आणल्या होत्या, कोणी नारळ. चुडामणने गाडी जुंपली होती. एल्माबाई त्या सगळ्यांतून वाट काढत मागे आली. डोक्यावर प्रवासाची टोपी, पायात बूट. ओसरीत आली, पाट बघितला, पण बसली नाही. बसली तर उठणं होणार नाही असं तिला वाटलं असेल. हा आपला माझा अंदाज.

दोघींच्या मधे ट्रे. मंजुळाबाई पंखा हलवत खाली बघत होती. ती वाट बघत होती की बाई बसेल, मग बोलू. एल्माबाई उभी होती. मग ती अचानक वाकली आणि तिने ट्रेच्या कडेला हात घातला. ढेकूळ मोडायला. गरम असताना.

जिने इतकी वर्षं कोणाला त्या ट्रेला बोट लावू दिलं नव्हतं, तिचाच हात तिथे होता. अर्धं मोडून मंजुळाच्या हातावर ठेवायचं होतं तिला, दुसरं काय? तेवढंच करायला ती आली होती. निवेपर्यंत थांबायला तिच्याकडे वेळ नव्हता आणि आयुष्यात पहिल्यांदा ती गरम असताना काहीतरी करायला निघाली होती. मंजुळाबाईला हे दिसलं. ते दिसलंच नाही असं ती कधी म्हणाली नाही. पण इतक्या दिवसांचं साठलेलं होतं, आणि त्याला नेमके शब्द सापडले.

“हात नका लावू बाई,” ती म्हणाली. “निवू द्या.”

एल्माबाईचा हात थांबला. बोटांना गूळ लागला होता, चटकाही बसला असेल. ती “बरं” म्हणाली. बोटं तिने पुसली नाहीत, तशीच मिटून घेतली, आणि ती गेली.

मंजुळाबाई बसून राहिली. तिला अजून वाटत होतं की वेळ आहे. बाई लोकांना भेटेल, पेट्या गाडीत चढतील, तोवर हे निवेल. मग ढेकळं मोडून डबा भरू, डबा घेऊन गाडीशी जाऊ, हातात हात धरून सगळं सांगू. गरम डब्यात भरलं तर आत घाम धरेल, आणि इतक्या लांबच्या प्रवासात बुरशी येईल. तिने ट्रेखाली हात लावून बघितला. पत्रा कोमट होता. अजून थोडं.

पुढच्या अंगणातून आवाज आला, “मंजुळा, येते ग!”

आमच्याकडे ‘जाते’ म्हणत नाहीत, हे एल्माबाईला मंजुळानेच शिकवलं होतं. परत न येणाऱ्या माणसानेही ‘येते’च म्हणायचं.

“वनी बाई, वनी!” आलेच म्हणून मंजुळाबाई ओरडली. पुन्हा पत्र्याला हात लावला. आता गार. तिने सुरी घातली आणि पूर्ण ट्रेभर एकच कडक थर सुटून आला. इतका एकसंध गरनोळा तिच्या हातून कधीच झाला नव्हता. भराभर मोडून मोठी मोठी ढेकळं तिने डब्यात भरली, झाकण दाबलं आणि पुढे धावली.

अंगणात चाकांची रेघ होती आणि परत निघालेल्या बायका. तोताराम म्हणाला, “गाडी चुकायची, म्हणून चुडामणने घाई केली. मी तुम्हाला बोलवायला येत होतो. पण बाई म्हणाल्या, नको, ती गरनोळ्यापाशी आहे.”

मंजुळाबाई डबा पोटाशी धरून स्टेशनच्या रस्त्याने पळाली. पन्नाशीला आलेली पाटलांच्या घरची विधवा, पदर खांद्यावर, चपला हातात, भर दुपारी रस्त्याने धावताना आम्ही सगळ्यांनी बघितली. कोणी हसलं नाही. रस्त्यात अर्ध्यावर असताना तिला आगगाडीची शिटी ऐकू आली. गाडी येण्याची की निघण्याची ते तिला कळेना, म्हणून ती पळत राहिली. मग कापसाच्या रानांपलीकडे धूर दिसला, आणि तो सुरतेच्या बाजूला सरकत होता.

चुडामण रिकामी गाडी घेऊन परत येत होता, त्याने तिला बांधाच्या कडेला बसलेली बघितली. त्याने बैल थांबवले.

“काही बोलनी का रे बाई?” तिने विचारलं.

चुडामण जरा वेळ कासऱ्याशी चाळा करत राहिला. “बोलनी. सांगू का अक्का?”

“सांग.”

“म्हने, चुडामण, बठ्ठा गावले सांगं मी. मंजुळाले सांगाले तोंडच उघडनं नही. तिनाकडे देखं का शबदच अडकी जाये. म्हने, तिले एकदाव सांगी टाकं म्हंजे मंग खरंच जानं पडी.” त्याने कपाळावरचा घाम पुसला. “आनि म्हने, आज सांगाले गयती मी मांगली ओसरीमां. पन अजून निवनं नव्हतं.”

चुडामणने तिला गाडीत बसवलं. बैल गेला नि झोपा केला, अशी म्हण आहे आमच्याकडे. ती त्या दिवशी कोणी तिच्यासमोर काढली नाही, एवढी अक्कल आम्हाला होती. घरी येईपर्यंत तिने डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

तोताराम चांगला माणूस. दुसऱ्या दिवशी म्हणाला, मिशनकडे पत्ता आहे, मुंबईला बोट सुटण्याआधी डबा पोचता करू, गार्डाच्या ओळखीने जाईल.

“डबा धाडशी रे भाऊ,” मंजुळाबाई म्हणाली. “बोलनं कसामां भरीसन धाडू?”

तिने डबा धाडला नाही. दवाखान्यात येणाऱ्या पोरांना त्यातली ढेकळं एकेक करून वाटली. पोरं खुळखुळा वाजवावा तशी ती दातांनी कटाकटा फोडत आणि मंजुळाबाई तोंड फिरवून घेई. स्वतः तिने एक कणही तोंडात घातला नाही. एल्माबाई पुढे कुठे राहिली, किती जगली, आम्हाला कळलं नाही. मिशनला कळलं असेल. मंजुळाबाईने विचारलं नाही. विचारायचा आपला हक्क आपण घालवला, असं तिने मनाशी धरलं होतं. मला ते पटत नाही. पण तिला पटवायला जाणार कोण?

पुढच्या हिवाळ्यात धुळ्याहून दुसरी बाई आली. तरुण, बोलकी, आपल्याच देशातली. तिनेही या गरनोळ्याबद्दल ऐकलं होतं. मंजुळाबाईने भट्टी पेटवली, कागद पिवळा होईपर्यंत थांबली, कडेचं आत आणि आतलं कडेला केलं, सगळं बिनचूक केलं. ट्रे बाहेर काढून दोन विटांवर ठेवला. आणि मग त्याच्यासमोर बसून, वाफ निघत असतानाच, दोन्ही हात आत घालून सगळा चाळवून टाकला.

नवी बाई म्हणाली, “अहो मावशी, ढेकळं व्हायची ना? थोडं निवू द्यायचं!”

मंजुळाबाईचे तळवे लाल झाले होते. तिने ते पदरात झाकले.

“नको बाई,” ती म्हणाली. “गरम शे तोवरच ल्या. आनि बसा, बोला काय बोलनं व्हई ते.”

तिच्या हातून पुन्हा कधी ढेकळं झाली नाहीत. दर वेळी भुगाच व्हायचा.